बेड रेस्टसाठी मॅटर्निटी लीव्ह खर्ची घालू नका

प्रश्न: मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. चार वर्षं झाली, पगार ३८ हजार. ही पहिली खेप. डिलिव्हरीची तारीख ३० सप्टेंबर २०२६ दिली आहे. १५ जुलैला सोनोग्राफीत वार खाली असल्याचं दिसलं, थोडं रक्तही गेलं होतं, म्हणून मडगावच्या डॉक्टरांनी पूर्ण बेड रेस्ट सांगितली. एचआर म्हणतं, 'मग उद्यापासून मॅटर्निटी लीव्हच टाका, वेगळी रजा नसते.' तसं केलं तर बाळ झाल्यावर माझ्याकडे फार थोडे दिवस उरतात. शिल्लक ईएल १८ आहेत, सिक लीव्ह संपली. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर: मार्ग आहे, आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे. गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची भरपगारी रजा मिळते, आणि ती मॅटर्निटी लीव्हच्या २६ आठवड्यांव्यतिरिक्त असते. त्यापुढे तुमच्या १८ ईएल आहेत. मॅटर्निटी लीव्हला त्यानंतरच हात लावायचा. आज एवढंच करा: पोर्टलवर किंवा कुठल्याही फॉर्मवर 'मॅटर्निटी' असं लिहून सही करू नका. आधीच पोर्टलवर टाकली असेल तर ती मागे घेत असल्याचा ईमेल आजच पाठवा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण एचआरशी बोलताना तो तुम्हाला लागणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा तिच्यात सामावला गेला, पण तुमच्या प्रश्नापुरता मजकूर जवळजवळ जसाच्या तसा आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये अजून जुन्या कायद्याचं कलम १० छापलेलं असेल तर त्यात तीच गोष्ट सापडेल, जी आता संहितेच्या कलम ६५ च्या पोटकलम ३ मध्ये आहे.

एचआरच्या म्हणण्यातली पहिली चूक तारखेची आहे. २६ आठवड्यांपैकी डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधी आठ आठवड्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. तुमची तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे आठ आठवडे मागे मोजले की ५ ऑगस्ट येते. १६ जुलैला मॅटर्निटी सुरू करणं म्हणजे जवळजवळ अकरा आठवडे आधी सुरू करणं, आणि ते कायद्यात बसतच नाही. मॅटर्निटीची नोटीस बाईने स्वतः द्यायची असते आणि आपण कुठल्या तारखेपासून गैरहजर राहणार हे त्यात तिनेच लिहायचं असतं. ती तारीख अपेक्षित डिलिव्हरीच्या आठ आठवड्यांहून आधीची नसावी, हेही कलम ६२ मध्येच आहे. म्हणजे तारीख तुम्ही ठरवायची. कंपनीने ठरवायची नाही.

हे सांगितलं की बहुतेक एचआर लगेच दुसरं वाक्य टाकतात: 'बरं, मग ५ ऑगस्टपासून.' तेही मान्य करायचं कारण नाही. आठ आठवडे ही वरची मर्यादा आहे. तेवढे दिवस आधी घेतलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. कामावर येण्याची सक्त बंदी आहे ती डिलिव्हरीनंतरच्या सहा आठवड्यांत, डिलिव्हरीआधी नाही. एखादी बाई आदल्या दिवसापर्यंत कामावर गेली, किंवा तुमच्यासारखी दुसऱ्या रजेवर राहिली, तर तिचे २६ च्या २६ आठवडे शिल्लक राहतात. (दोन किंवा अधिक मुलं हयात असलेल्या बाईला १२ आठवडेच मिळतात आणि आधीचे सहाच. तुमची पहिली खेप असल्याने तो प्रश्न नाही.)

आता त्या जादा महिन्याकडे येऊ. कलमाचा आशय असा की गरोदरपण, प्रसूती, अकाली प्रसूती, गर्भपात वगैरेंमुळे उद्भवलेला आजार असेल तर, ठरलेला पुरावा दिल्यावर, मॅटर्निटीच्या गैरहजेरीखेरीज जास्तीत जास्त एक महिन्याची रजा मॅटर्निटीच्याच दराने पगारासह मिळते. यावर कंपन्यांचा नेहमीचा आक्षेप असतो की 'खेरीज' म्हणजे आधी २६ आठवडे संपवा आणि मग महिना मागा. मला हा अर्थ अजिबात पटत नाही, आणि कारण कलमातच आहे. त्यात गरोदरपणाचा आजार आणि प्रसूतीचा आजार हे दोन्ही वेगवेगळे सांगितले आहेत. गरोदरपणाचा आजार हा बाळ होण्याआधीच येतो. रक्तस्राव जुलैत होत असताना त्याची रजा पुढच्या मार्चमध्ये देऊन काय उपयोग? शिवाय हा महिना एकाच वेळी, सलग घ्यायचा अशीही अट कलमात नाही. वीस दिवसांत बरं वाटलं तर उरलेले दिवस पुढे लागले तर मागता येतात.

पण 'ठरलेला पुरावा' हे शब्द नीट लक्षात ठेवा. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त भांडणं इथेच अडलेली असतात. बाई औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवते. त्यावर गोळ्यांची नावं आणि खाली तिरक्या अक्षरात 'बेड रेस्ट' एवढंच असतं. एवढ्यावर कंपनी 'हा सल्ला झाला, आजार कुठे आहे?' असं विचारू शकते, आणि त्या प्रश्नात तथ्य असतं. बेड रेस्ट हा उपचार झाला. रजा मिळते ती ज्या आजारामुळे तो सांगितला त्या आजारासाठी. त्यातच हल्ली बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ 'पूर्ण बेड रेस्ट' असं लिहायला कचरतात, कारण सरसकट पडून राहिल्याने फायदा होतो असं वैद्यकशास्त्र आता मानत नाही. ते 'श्रम टाळावेत' असं लिहितात. ते लिहिणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, पण ते वाचून एचआर म्हणणार, 'खुर्चीत बसून काम करा की.' म्हणून डॉक्टरांकडे चिठ्ठी मागू नका, रजेसाठीचं प्रमाणपत्र मागा. ते लेटरहेडवर असावं, त्यावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा. मजकूर साधारण असा:

'श्रीमती अमुक या माझ्या उपचाराखाली आहेत. गर्भधारणा २९ आठवडे, सोनोग्राफीनुसार प्रसूतीची अपेक्षित तारीख ३० सप्टेंबर २०२६. १५ जुलै २०२६ रोजीच्या तपासणीत वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचे व रक्तस्राव झाल्याचे आढळले. हा गरोदरपणामुळे उद्भवलेला आजार असून त्या १६ जुलै ते १५ ऑगस्ट २०२६ या काळात कामावर जाण्यास असमर्थ आहेत. त्यानंतर पुन्हा तपासणी करून पुढील निर्णय दिला जाईल.'

डॉक्टर हे इंग्रजीत लिहितील, हरकत नाही. पण तीन गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत: आजाराचं नाव, तो गरोदरपणामुळे आला आहे हे स्पष्ट वाक्य, आणि कामासाठी असमर्थ असल्याच्या 'पासून–पर्यंत' तारखा. 'डिलिव्हरीपर्यंत विश्रांती' असं मोघम लिहून घेऊ नका. वाचायला ते भक्कम वाटतं, पण नुकसान त्यानेच होतं. डिलिव्हरीपर्यंतची एकच सलग गैरहजेरी दिसली की कंपनी तिला प्रसूतीची गैरहजेरी म्हणायला मोकळी होते. ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र, मग तपासणी, मग नवं प्रमाणपत्र, असं ठेवलं की प्रत्येक टप्प्यावर ही आजारपणाची रजा आहे हे कागदावरून दिसतं. वैद्यकीयदृष्ट्याही तेच योग्य आहे, कारण गर्भाशय वाढतं तशी खाली असलेली वार पुष्कळदा वर सरकते. ३२ आठवड्यांच्या आसपासच्या सोनोग्राफीत चित्र बदललेलं असू शकतं.

सोनोग्राफीचा पूर्ण अहवाल कंपनीला द्यायची गरज नाही. प्रमाणपत्र पुरे. कंपनीच्या डॉक्टरांनी अहवाल पाहायला मागितला तर दाखवा, पण तो एचआरच्या ईमेलच्या साखळीत फिरू देऊ नका.

अर्ज दोन वेगळ्या कागदांवर करायचा. आता फक्त आजारपणाच्या रजेचा. मॅटर्निटीची नोटीस नंतर, वेगळी. दोन्ही एका पत्रात घातलं की वाचणारा एकच सलग रजा समजतो आणि नोंदही तशीच होते. आजचा ईमेल एवढाच असू द्या:

'मला गरोदरपणामुळे आजार उद्भवला असून डॉक्टरांनी १६ जुलै ते १५ ऑगस्ट २०२६ या काळात कामासाठी असमर्थ असल्याचे प्रमाणपत्र दिले आहे, ते सोबत जोडले आहे. या काळासाठी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या कलम ६५(३) नुसार मातृत्व लाभाच्या दराने पगारी रजा मंजूर करावी. ही रजा माझ्या मातृत्व रजेचा भाग नाही. मातृत्व रजेची नोटीस मी कलम ६२ नुसार स्वतंत्रपणे देईन. या काळात माझा मुक्काम पुढील पत्त्यावर असेल.'

शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण तसं नाही. आपल्याकडे अशा वेळी बाई बहुधा माहेरी जाते. मडगावच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मुक्काम साखळीला, आणि कंपनीला त्याचा पत्ता नाही, मग 'घरी माणूस पाठवला, त्या नव्हत्याच' अशी टिपणी फाइलमध्ये पडते. पत्ता कळवला की तो प्रश्न उरत नाही. माहेरच्या गावातल्या डॉक्टरांकडे पुढची तपासणी करणार असाल तर मडगावची फाइल सोबत न्या, म्हणजे नव्या प्रमाणपत्रात तोच आजार, तीच अपेक्षित तारीख येईल. दोन डॉक्टरांच्या कागदांवर डिलिव्हरीच्या दोन तारखा असल्या की आठ आठवड्यांची मोजणीच डळमळते.

ईमेल विभागप्रमुख आणि एचआर दोघांना एकदमच जाऊ द्या, स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत ठेवा. रजेवर गेल्यावर कंपनीचा ईमेल बंद झाल्याची उदाहरणं आहेत. पोर्टलच्या यादीत या रजेसाठी वेगळा पर्याय बहुतेक नसतोच. एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करणारी मुलगी याच कारणासाठी माझ्याकडे आली होती. तिने यादीतला त्यातल्या त्यात जवळचा म्हणून 'मॅटर्निटी' निवडला, आणि नंतर कंपनीने तिच्याच क्लिकवर बोट ठेवलं. पर्याय नसेल तर काहीही निवडू नका. 'पोर्टलवर या रजेचा प्रकार नाही, कृपया तुमच्याकडून नोंद करावी' एवढं ईमेलमध्ये लिहा.

आता तुमच्या तारखा मांडून बघू. १६ जुलै ते १५ ऑगस्ट, जादा महिना. १६ ऑगस्टला रविवार. तोपर्यंत नवी तपासणी झालेली असेल. वार अजून खालीच असेल आणि डॉक्टरांनी पुढचं प्रमाणपत्र दिलं, तर १७ ऑगस्टपासून ईएल. तुमचा आठवडा सहा दिवसांचा असेल तर १८ ईएल बरोबर तीन आठवडे पुरतात, म्हणजे शनिवार ५ सप्टेंबरपर्यंत. सोमवार ७ सप्टेंबरपासून मॅटर्निटी. वार तोंडावरच राहिली तर डॉक्टर ३० सप्टेंबरची वाट बघत नाहीत, बहुधा ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास सिझेरियन ठरवतात. समजा ३७ आठवडे पूर्ण होताच, ९ सप्टेंबरला, चवथीच्या तोंडावर बाळ झालं. मॅटर्निटीचे १८२ दिवस ७ सप्टेंबरपासून मोजले की ७ मार्च २०२७ ला संपतात. तुम्ही ८ मार्चला, सोमवारी, हजर व्हाल. बाळाच्या जन्मापासून तुमच्याकडे १८० दिवस असतील.

एचआरच्या म्हणण्याप्रमाणे १६ जुलैपासून मोजलं असतं तर तेच १८२ दिवस १३ जानेवारीला संपले असते आणि बाळासोबत १२७ दिवस मिळाले असते. फरक ५३ दिवसांचा. हे ५३ दिवस तुम्ही कंपनीकडून जास्तीचे मागत नाही. त्यातला महिना कायद्याने दिलेला आहे आणि बाकीची रजा तुम्ही काम करून कमावलेली आहे.

'महिना आधी का, ईएल आधी का नको?' असं बऱ्याच जणी विचारतात. मी महिना आधी घ्यायला सांगते. ईएलला कारण लागत नाही, ती पुढे बाळाच्या लसीकरणाला किंवा दुखण्यालाही कामी येईल. महिन्याला मात्र आजाराचा पुरावा लागतो, आणि तुमच्याकडे आज तो स्वच्छ आहे. एकच अपवाद: डॉक्टरांनी अकाली प्रसूतीची शक्यता मोठी सांगितली असेल आणि हातात ईएल भरपूर असतील, तर महिन्यातले काही दिवस राखून ठेवण्यात अर्थ आहे, कारण अकाली प्रसूतीमुळे आलेल्या आजारालाही हेच कलम लागू आहे. तुमच्याकडे १८ च ईएल आहेत, तेव्हा तुमच्या बाबतीत मी राखून ठेवा म्हणणार नाही.

तरीही मधे काही दिवस रजेविना उरले तर? उदाहरणार्थ सिझेरियन लांबलं आणि ७ सप्टेंबरला मॅटर्निटी सुरू करायची इच्छा नसेल. तेव्हा बिनपगारी रजा हा पर्याय आहे, पण ती लेखी मंजूर करून घेतलेलीच असावी, नाहीतर ती विनापरवाना गैरहजेरी ठरते. बिनपगारी दिवसांमुळे मॅटर्निटीचा पगार कमी होईल अशी भीती घातली जाते. तसं होत नाही. सरासरी काढतात ती मॅटर्निटीच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या पगाराची. बिनपगारी दिवस त्या हिशेबात येत नाहीत. तीन महिन्यांत कामाचा एकही दिवस नसला तर मात्र मोजणीला आधारच राहत नाही, म्हणून रजा फार ताणू नये. तुमच्या बाबतीत मागचे तीन महिने जून, जुलै, ऑगस्ट येतात, आणि जूनभर व १५ जुलैपर्यंत तुम्ही कामावर होतात, त्यामुळे अडचण नाही. माझं स्पष्ट मत असं की आठवडाभराची फट असेल आणि घरखर्चाला झेपत असेल तर बिनपगारी घ्या, त्याहून मोठी असेल तर मॅटर्निटी सुरू करा. पगार सोडून दिवस वाचवणं प्रत्येक घराला परवडत नाही.

नवीन नोकरी असलेल्या बायकांनी आणखी एक बघायचं. मॅटर्निटीच्या हक्कासाठी डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. तुमची चार वर्षं झाली आहेत, तुम्हाला काळजी नाही.

एचआर घरून काम सुचवेल. डॉक्टरांनी 'बसून किंवा पडून हलकं काम चालेल' असं लिहून दिलं तर ते उत्तमच, कारण मग रजाच लागत नाही, पूर्ण पगार चालू राहतो. पण 'कामासाठी असमर्थ' हे प्रमाणपत्र देऊन त्याच काळात लॅपटॉपवर बॅच रेकॉर्ड तपासत बसू नका. दोन कागद एकमेकांविरुद्ध गेले की दोन्ही निरुपयोगी होतात. आणि ३२ व्या आठवड्यात वार वर सरकली, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, तर फिटनेसचं पत्र घेऊन हजर व्हा आणि जास्त वेळ उभं राहण्याचं, जड उचलण्याचं काम नको असं लेखी द्या. डिलिव्हरीआधीच्या त्या काळात अशी कष्टाची कामं विनंती केल्यावर देता येत नाहीत. प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहणं त्यातच येतं.

कंपनी ऐकतच नसेल तर आधी नकार लेखी मागा. 'आम्ही तोंडी सांगितलं ना' यावर थांबू नका. 'माझा १५ जुलैचा अर्ज कुठल्या कारणाने नामंजूर झाला ते कळवावे' एवढा एक ओळीचा ईमेल करा. माझा अनुभव असा की या ओळीनंतर बरीच प्रकरणं मिटतात, कारण कलम ६५(३) समोर असताना नकाराचं कारण लिहायला कोणी धजत नाही. तरीही उत्तर आलं नाही किंवा पगार कापला, तर पणजीला पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार द्या. अर्ज, प्रमाणपत्र, ईमेल आणि आधीच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका जोडा. तुम्हाला बेड रेस्ट असल्याने तक्रार घरातलं कोणी तुमच्या सहीने नेऊन देऊ शकतं. तिथले निरीक्षक चौकशी करून थकलेली रक्कम देण्याचा आदेश काढू शकतात. या काळात कामावरून काढण्याची किंवा अटी बदलण्याची धमकी आली तर तीही लेखी टिपून तक्रारीत घाला. कायद्याप्रमाणे घेतलेल्या गैरहजेरीत बाईला काढणं बेकायदेशीर आहे.

हे वाचणाऱ्या इतर बायकांसाठी दोन वेगळ्या परिस्थिती सांगते, कारण त्यांना वरचा मार्ग जसाच्या तसा लागू नाही.

ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्यांची ईएसआय कापली जाते, त्यांना पैसे कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. तिथेही २६ आठवड्यांव्यतिरिक्त गरोदरपणाच्या आजारासाठी महिन्यापर्यंत जादा लाभ आहे, पूर्ण दराने. तो संपल्यावर, किंवा तो राखून ठेवायचा असेल तर, आजारपणाचा लाभ आहे: वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या ७० टक्के दराने, तुमची वर्गणी पुरेशी भरलेली असेल तर. एका दिवसाला दोन्ही लाभ मिळत नाहीत, म्हणून कुठल्या दिवसांना कुठला ते अर्जात स्पष्ट लिहा. इथे नेहमीची चूक म्हणजे खासगी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन बसणं. ईएसआयच्या दवाखान्यात किंवा मडगावच्या ईएसआय इस्पितळात दाखवून त्यांचं प्रमाणपत्र वेळेवर घ्या, खासगी डॉक्टरांचे कागद आधार म्हणून सोबत न्या. कंपनीलाही रजेचा अर्ज द्यावाच लागतो, लाभ महामंडळाकडून मिळतो म्हणून रजा आपोआप मंजूर होत नाही.

गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे १९७२ चे रजा नियम लागू आहेत. तिथे मॅटर्निटी १८० दिवसांची आहे आणि डिलिव्हरीआधी किती दिवस घ्यायची याला आठ आठवड्यांसारखी मर्यादा नाही. त्यामुळे सरकारी कार्यालयात चुकून फार आधी सुरू होण्याचा धोका उलट जास्त. तिथला मार्ग म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्रावर कम्युटेड लीव्ह. वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा खात्यात जमा होते, आणि कम्युटेड घेतली की पूर्ण पगार मिळतो पण खात्यातून दुप्पट दिवस कमी होतात. खात्यात ८० दिवस अर्धपगारी असेल तर ४० दिवस पूर्ण पगारावर घरी राहता येतं. नियम ४३ प्रमाणे मॅटर्निटी इतर कुठल्याही रजेला जोडून घेता येते, तेव्हा कम्युटेड संपली की दुसऱ्या दिवसापासून मॅटर्निटी सुरू करायला काही आडकाठी नाही.

आणि आस्थापना विभागातल्या कारकुनाने 'गरोदर आहात म्हणजे मॅटर्निटीच' असं म्हणून तुमच्या अर्जावर रजेचा प्रकार खोडला, तर नियम ७ चं पोटनियम २ दाखवा. कामाच्या निकडीसाठी रजा नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, पण कर्मचाऱ्याने मागितलेल्या आणि तिच्या खात्यात असलेल्या रजेचा प्रकार तिच्या लेखी विनंतीशिवाय बदलण्याचा अधिकार त्याला नाही. एखादीची रजा आधीच मॅटर्निटी म्हणून नोंदली गेली असेल तर एक प्रकारची रजा दुसऱ्यात बदलून मागण्याची सोय नियम १० मध्ये आहे. तो हक्क नव्हे, विनंती असते, आणि रजा संपल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून हजर होण्याच्या दिवशीच तो अर्ज द्यावा.